तिसऱ्या किलोवॉटची वसुली

गच्चीवर सौर पॅनेल चढली की खाली फाटकापाशी हटकून एक प्रश्न येतो, "किती वर्षांत वसूल?" घरात नवा सोफा आला, दाराशी मोटार उभी राहिली, मुलीच्या लग्नाला हॉल घेतला, तेव्हा हा प्रश्न कुणालाही सुचला नव्हता. सोफा वसूल होत नाही हे आपण केव्हाच मान्य करून टाकलंय. पॅनेलला ही सवलत नाही. ते लागलं त्या दिवसापासून त्याने घरखर्चाला हातभार लावलाच पाहिजे, आणि किती लावला ते फाटकापाशी सांगताही आलं पाहिजे.

नवी मुंबईत हा प्रश्न तसा थोड्याच नशीबवानांना पडतो. सिडकोने हे शहर वसवताना बहुतेकांच्या वाट्याला फ्लॅट दिले, आणि फ्लॅटवाल्याची गच्ची सोसायटीची असते. तिथे पॅनेलच्या आधी सर्वसाधारण सभा लागते. सोसायटीच्या लिफ्ट-पंपाच्या विजेसाठी पॅनेल लावली तर दर किलोवॉटला १८,००० रुपये सबसिडी मिळते, पण सभेत कोरम मिळवून देणारी योजना अजून निघालेली नाही. स्वतःची गच्ची असते ती रो हाउसवाल्यांची. आमच्या नेरूळच्या रो हाउसांमध्ये हा प्रश्न सर्वांत आधी आला तो शेजारच्या काकांकडे. काका बँकेतून निवृत्त झालेले. विजेची बिलं ते फायलीत लावून ठेवतात, आणि तीही महिन्याच्या क्रमाने. अशा माणसाला सौरऊर्जेचा विक्रेता भेटला, तर बिचारा विक्रेताच अडचणीत येतो.

झालंही तसंच. पहिला विक्रेता आला, तीन किलोवॉटचा प्रस्ताव टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "काका, दीड वर्षात पैसे वसूल." काकांनी विचारलं, "कसे?" त्याने मोबाइलवर गणित मांडलं. महिन्याला ३३० युनिट तयार होतील. तुमच्या बिलातला वरचा दर कर धरून युनिटला १८ रुपयांच्या वर जातो. म्हणजे महिन्याची बचत ६,००० रुपये. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, फायल उघडली आणि शांतपणे म्हणाले, "माझं बिलच ४,४०० रुपये येतं. उरलेले सोळाशे तू देणार का?"

दुसरा विक्रेता जरा सावध होता. त्याने अख्खं बिल बचतीत धरलं आणि २५ महिने सांगितले. तो सत्याच्या बराच जवळ होता. पण सौर लावल्यावर बिल शून्य होतं हे त्याने गृहीत धरलं होतं, आणि बिल कधीच शून्य होत नाही. तुम्ही महावितरणची एक युनिटही वीज घेतली नाही, तरी स्थिर आकार आणि त्यावरचा कर लागतोच. दोन विक्रेत्यांना चहा पाजून परत पाठवल्यावर काकांनी ठरवलं की हे गणित आपणच करायचं.

आधी खर्चाची बाजू, कारण ती सोपी आहे. केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. तिच्यात घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये सबसिडी मिळते, तिसऱ्याला १८,०००, आणि त्यापुढे काही नाही. म्हणजे तीन किलोवॉट लावा नाहीतर दहा, सरकार ७८,००० वर हात आखडता घेतं. काकांना मिळालेले भाव असे होते: एक किलोवॉटला ७५,०००, दोनला १ लाख ३५ हजार, तीनला १ लाख ९० हजार, चारला २ लाख ४५ हजार. सबसिडी वजा केली की खिशातून जाणार अनुक्रमे ४५,०००, ७५,०००, १ लाख १२ हजार आणि १ लाख ६७ हजार. सबसिडी आधी हातात पडत नाही. पॅनेल बसतात, तपासणी होते, नेट मीटर लागतं आणि मग ती बँक खात्यात येते. तोवर पूर्ण रक्कम आपणच उभी करायची, रोखीने किंवा कर्जाने. शिवाय पॅनेलमधले सेल भारतात बनलेलेच हवेत. ते आयात मालापेक्षा महाग पडतात, त्यामुळे सबसिडीचा थोडा भाग तिथेच मुरतो.

आता बचतीची बाजू. खरी गंमत इथे आहे. आपण "बिल किती आलं" एवढंच बघतो, पण बिल हे थरांचं बनलेलं असतं. महावितरणचे २०२४-२५ सालचे घरगुती दर वहन आकार धरून असे होते: पहिल्या १०० युनिटना ५ रुपये ८८ पैसे, १०१ ते ३०० पर्यंत ११ रुपये ४६ पैसे, ३०१ ते ५०० पर्यंत १५ रुपये ७२ पैसे, आणि त्यापुढे १७ रुपये ८१ पैसे. वर १२८ रुपये स्थिर आकार, आणि सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. काकांचा सरासरी वापर ३५० युनिट. इंधन समायोजनाची कमी-जास्त बाजूला ठेवली, तर बिल ४,४०१ रुपये.

दुधावरची साय आधी निघते आणि दूध खाली राहतं, तसं सौरऊर्जा बिलाचं करते. नेट मीटरमध्ये तुम्ही घेतलेल्या विजेतून तुम्ही दिलेली वीज वजा होते आणि उरलेल्या युनिटवर थर लागतात. म्हणजे पॅनेलचं पहिलं युनिट तुमच्या बिलातलं सर्वांत महाग युनिट खातं, आणि शेवटचं युनिट सर्वांत स्वस्त.

मुंबईच्या हवेत एका किलोवॉटला वर्षाच्या सरासरीने महिन्याला १२० युनिटपर्यंत धरतात. धूळ, पावसाळा आणि आपला मध्यमवर्गीय संशय यांच्यासाठी काकांनी ११० धरली. पहिल्या किलोवॉटने वापर ३५० वरून २४० वर आला. १५ रुपयांचा थर पूर्ण उडाला, ११ रुपयांच्या थरालाही कात्री लागली. बचत कर धरून महिना १,७०९ रुपये. दुसऱ्या किलोवॉटने वापर १३० वर आणला आणि आणखी १,४६२ वाचले. तिसऱ्याने तो २० वर आणला, पण आता तो स्वस्त थरात शिरला होता. त्याची बचत फक्त ९४४.

काकांनी वहीत तीन ओळी लिहिल्या. एक किलोवॉट: ४५,००० भागिले १,७०९, म्हणजे सव्वीस महिने. दोन: ७५,००० भागिले ३,१७१, म्हणजे चोवीस महिनेही नाहीत. तीन: १ लाख १२ हजार भागिले ४,११६, म्हणजे सत्तावीस महिने. तिन्ही उत्तरं इतकी जवळ की कुणीही म्हणेल, मग तीनच घ्या. पण काकांनी बँकेत कर्जाचे अर्ज तपासले होते. सरासरीआड काय काय लपतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तिसऱ्या किलोवॉटला एकट्याला समोर उभं केलं. दोनावरून तीनावर जायला त्यांच्या खिशातून जादा जाणार ३७,०००. त्याची कमाई ९४४. म्हणजे एकोणचाळीस महिने, सव्वातीन वर्षं. पहिल्या दोघांच्या पुण्याईवर तो दोन वर्षं तीन महिन्यांच्या सरासरीत बसून जात होता.

चौथ्याची तर गोष्टच नको. त्याला सबसिडी शून्य, किंमत ५५,०००. घरात खायला उरलेली युनिट फक्त वीस, त्यांचे १३६ रुपये. बाकी नव्वद युनिट महावितरणच्या खात्यात जमा होणार आणि वर्षअखेरीला किरकोळ भावाने विकली जाणार. युनिटला तीन रुपये धरले तरी महिन्याची कमाई चारशेच्या आसपास, म्हणजे अकरा वर्षं. एवढ्यात इन्व्हर्टर बदलायची वेळ येते. "काका, पुढे इलेक्ट्रिक गाडी घ्याल तेव्हा लागेल," असं विक्रेता म्हणाला होता. काकांनी गाडी घेईन तेव्हा पॅनेल घेईन असं सांगून विषय संपवला.

या गणिताची दुसरी बाजू काकांच्या बहिणीच्या घरी दिसली. आत्या कोपरखैरण्याला एकट्या राहतात. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद, देवघरातला छोटा बल्बही रात्री बंद. त्यांचा वापर महिन्याला नव्वद युनिट. त्यांच्या गच्चीवर एक किलोवॉट लावलं, तर सगळी बचत पहिल्याच थरात होणार. महिना ६१४ रुपये. तेच पॅनेल, तोच सूर्य, तीच ४५,००० ची किंमत, पण वसुलीला सहा वर्षं. "म्हणजे मी आयुष्यभर दिवे बंद केले, त्याची ही शिक्षा का?" आत्यांनी विचारलं. काकांनी तसं काही नाही म्हणून समजूत घातली, पण हिशेब तोच सांगत होता. सौरऊर्जा उधळ्या माणसाला लवकर फळते. काटकसरी माणसाकडे तिला वाचवायला काही उरलेलंच नसतं. म्हणून "किती वर्षांत वसूल" याचं उत्तर गच्चीकडे बघून देता येत नाही, ते बिलाकडे बघून द्यावं लागतं, आणि दुसऱ्याचं उत्तर आपल्याला लागू पडत नाही.

सरासरीच्या वहीत आणखी एक फट होती, ती पावसाने दाखवली असती. मे महिन्यात तीन किलोवॉट चारशेच्या घरात युनिट देतात, जुलैत उत्पादन निम्म्यावर येतं. पण मे महिन्यात एसीही चालतो, त्यामुळे पावसाळ्यासाठी साठा फारसा उरत नाही. खरा साठा होतो तो डिसेंबरपासून. ऊन लख्ख, पंखे बंद, वापर कमी. ही जादा युनिट पुढच्या महिन्यात वापरता येतात, पण फक्त आर्थिक वर्ष संपेपर्यंत. ३१ मार्चला खातं बंद होतं आणि उरलेल्या युनिटचे स्वस्त दराने पैसे होतात. एक एप्रिलला शून्यापासून सुरुवात, आणि त्याच आठवड्यात नेरूळमध्ये एसीचा रिमोट शोधायला सुरुवात होते. थंडीत साठवलेलं उन्हाळ्याच्या उंबरठ्यावर विकून टाकायचं, हा नियम हवामान बघून केलेला नसून लेखापाल बघून केलेला आहे. काका लेखापालांच्याच जातीचे, त्यामुळे ते रागावले नाहीत. त्यांनी सत्तावीस महिन्यांत दोन-तीन महिने मुकाट्याने वाढवले.

मग त्यांनी वहीत एक पान "बिघाड" या नावाने सुरू केलं. त्यात पहिली नोंद सावलीची. पॅनेल एकमेकांना मालिकेत जोडलेली असतात, त्यामुळे पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी सगळ्या ओळीचं उत्पादन घसरू शकतं. टाकी हलवता येते, शेजारचा टॉवर हलवता येत नाही. वाशी-नेरूळकडे जुन्या सिडको इमारतींच्या पुनर्विकासाचे बेत सगळीकडे चाललेत. आज चार मजल्यांची असलेली इमारत उद्या तीस मजल्यांची झाली, तर दक्षिणेकडच्या त्या एका टॉवरने वसुलीचं सगळं गणित झाकोळून जाईल. म्हणून काकांनी गच्चीवर उभं राहून दक्षिणेला कुणाचा प्लॉट आहे आणि ती सोसायटी किती भांडकुदळ आहे, याची चौकशी केली. सोसायटी भांडकुदळ असेल तर पुनर्विकास लांबतो. काकांना हायसं वाटलं.

दुसरी नोंद नावाची. कितीतरी घरांत विजेचं बिल अजून सिडकोकडून घर पहिल्यांदा घेणाऱ्याच्या नावाने येतं. कुणाच्या वडिलांच्या, कुणाच्या ज्यांच्याकडून घर विकत घेतलं त्या गृहस्थांच्या. बिलावरचं नाव आणि सबसिडी जमा व्हायच्या खात्यावरचं नाव जुळलं नाही, तर ७८,००० रुपये कागदातच अडकतात. सबसिडी नसेल तर तीन किलोवॉटची वसुली सत्तावीस महिन्यांवरून सेहेचाळीसवर जाते. म्हणजे पॅनेलच्या आधी वीज जोडणी आपल्या नावावर करून घेणं, ही या सगळ्या प्रकल्पातली सर्वांत किफायतशीर कृती.

तिसरी नोंद काकूंनी करायला लावली. त्यांनी विचारलं, "लाइट गेली की आपले दिवे चालू राहतील ना?" नाही राहणार. नेट मीटरवरची यंत्रणा वीज गेली की स्वतःच बंद पडते, कारण खांबावर दुरुस्ती करणाऱ्या माणसाला आपल्या गच्चीवरून झटका बसता कामा नये. बॅटरी घेतली तर दिवे राहतील, पण मग वसुलीचा हिशेब नव्याने मांडावा लागेल. भर उन्हात, वर तीन किलोवॉटची पॅनेल तापलेली आणि खाली पंखा बंद, हे दृश्य काकूंना बरंच अतार्किक वाटलं. काकांनी सुरक्षेचा नियम समजावून सांगितला. "मला नियम कळला," काकू म्हणाल्या, "उकाड्याला कळायचा नाही."

शेवटची शंका दरांची. विक्रेते दरवर्षी वीज महागणार असं धरून वसुली लवकर आणतात. पण २५ जून २०२५ ला राज्याने उलटी घोषणा ऐकली: पहिल्या वर्षी दर दहा टक्क्यांनी खाली, आणि पाच वर्षांत सव्वीस टक्क्यांपर्यंत. घोषणेचं पुढे काय होतं हा वेगळा विषय, पण काकांना एक गोष्ट लगेच कळली. वीज स्वस्त झाली की पॅनेलची कमाई घटते. बचत दहा टक्क्यांनी कमी धरली, तर सत्तावीसचे तीस महिने. आणि तेच पैसे सात टक्क्यांच्या मुदत ठेवीत असते तर, हा बँकेतला जुना प्रश्न विचारला, तरी मूळ हिशेबात पुन्हा तीसच्या आसपास. तोंडावर आलेली वाईट बातमी इतकी माफक असेल, तर सौदा वाईट नाही, असं काकांनी ठरवलं. तिसऱ्या किलोवॉटवर मात्र ते रात्रभर विचार करत राहिले. सकाळी काकू म्हणाल्या, "अहो, तीनच घ्या. सबसिडी सोडायची म्हणजे काय?" या वाक्यापुढे कुठल्याही वहीचं काही चालत नाही.

पॅनेल लागली. आता खरी अडचण अशी, की वाचलेले पैसे दिसत नाहीत. न आलेल्या बिलाचे ४,००० रुपये कुणी पाकिटात घालून देत नाही. ते आंब्यांत, औषधांत, नातवाच्या वाढदिवसात विरघळून जातात, आणि सत्तावीस महिन्यांनी "वसूल झालं" म्हणायला काही हातात राहत नाही. म्हणून काकूंनी एक आवर्ती ठेव उघडली. दर महिन्याला गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचं बिल फायलीतून काढायचं, त्यातून आताचं बिल वजा करायचं आणि जो फरक येईल तो ठेवीत टाकायचा. ठेवीत १ लाख १२ हजार झाले की पॅनेल वसूल. इतकं सोपं.

काकांना ही पद्धत मान्य नव्हती, आणि त्याला कारण होतं. पॅनेल लागल्यापासून ते दुपारी एसी लावून झोपू लागले होते. पूर्वी लावत नव्हते, आता लावत होते, कारण वीज गच्चीवरून येत होती. महिन्याला साधारण साठ युनिट. काकांचं म्हणणं असं, की ही झोप सौरऊर्जेविना घेतली असती, तर बिल ५,४९५ आलं असतं. प्रत्यक्षात येतं ६९४. म्हणजे बचत ४,८०१, आणि वसुली तेवीस महिन्यांत. काकूंचं म्हणणं असं, की सौरऊर्जेविना तुम्ही ती झोप घेतलीच नसती. बचत म्हणजे जुन्या ४,४०१ मधून ६९४ गेले, उरले ३,७०७. वसुली तीस महिन्यांत. "आणि ती वीज फुकट नव्हती. तुम्ही झोपला नसता तर मीटरमधून बाहेर गेली असती."

दोघांचीही गणितं बरोबर आहेत. एकाच गच्चीवरच्या एकाच यंत्रणेला एका घरात दोन वसुलीच्या तारखा आहेत, आणि त्यांच्यात सात महिन्यांचं अंतर आहे. फाटकापाशी कुणी विचारलं, तर काका हल्ली तेवीस सांगतात. आतून काकू तीस म्हणतात. विचारणारा गोंधळला, तर त्याला सांगावं, की मधले सात महिने काकांनी झोपून काढलेत.